तीन झोपांवरून दोन, दोनांवरून एक: बाळ तयार आहे हे कसे ओळखावे

बालविकासाच्या अभ्यासक्रमात बाळाच्या झोपेचा तक्ता बहुधा वयानुसार दिलेला असतो. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होतात आणि साधारण तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोनाची एक होते. तक्ता चुकीचा नाही, पण एखाद्या आईने तुम्हाला विचारले, "माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, संध्याकाळी झोपायला नको म्हणतं, काय करू?" तर त्याचा काही उपयोग होत नाही. आठ महिन्यांचे बाळ तक्त्यात दोन्हीकडे बसते. अशा वेळी बाळाकडेच पाहावे लागते. काय पाहायचे आणि पाहिलेल्याचा अर्थ कसा लावायचा, हा या टिपणाचा विषय आहे.

झोप कमी का होते

झोपेचे नियमन दोन गोष्टी मिळून करतात, असे मानले जाते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले हे प्रारूप आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तोवर तो वाढत जातो आणि झोपलो की उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. आपण किती वेळ जागे आहोत याचा विचार न करता ते दिवसाच्या काही वेळांना जागे ठेवते आणि काही वेळांना झोपेकडे ढकलते.

तान्ह्या बाळात हा दाब फार लवकर चढतो. तीन महिन्यांचे बाळ दीड तास जागे राहिले की पेंगते. सहा महिन्यांच्या सुमारास तेच बाळ दोन ते अडीच तास निभावते, वर्षाचे झाले की तीन ते चार तास, आणि दीड वर्षाच्या सुमारास पाच तासांपर्यंत. हे आकडे अनुभवावर बेतलेले ढोबळ आकडे आहेत. दोन निरोगी बाळांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज असतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच की भांडे तेच राहते, पण भरायला लागणारा वेळ वाढत जातो. दिवस मात्र तेवढाच असल्यामुळे त्यात मावणाऱ्या झोपा कमी होतात.

आता कोणती झोप आधी जाते ते पाहू. तीन झोपांपैकी नेहमी तिसरी, संध्याकाळची झोप गळते. याचे कारण शरीराच्या घड्याळात आहे. रात्रीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ उलट जागे राहण्याच्या बाजूने जोर लावते. लहान बाळ त्या वेळी झोपते ते केवळ दाब भराभर चढतो म्हणून. दाब चढण्याचा वेग थोडा मंदावला की घड्याळाचा जोर वरचढ ठरतो आणि बाळ पाळण्यात पडून छताकडे बघत हसत बसते. दुपारी मात्र घड्याळच थोडे सैल पडते. जेवणानंतर मोठ्यांनाही पेंग येते ती त्यामुळेच, आणि म्हणून दुपारची झोप सर्वांत शेवटपर्यंत, तीन-चार वर्षांपर्यंतही टिकते.

आपल्याकडे दिवेलागणीला झोपू नये, असे घरातली मोठी माणसे सांगतात. बाळ आठ-नऊ महिन्यांचे असेल तर तिन्हीसांजेला त्याला उठवण्याची ही रीत शास्त्राशी बऱ्यापैकी जुळते. पाच महिन्यांच्या बाळाला मात्र ती लागू करू नये. त्याला त्या झोपेची खरोखर गरज असते.

तीनावरून दोन: एक उदाहरण

आपण एका कल्पित बाळाची नोंदवही पाहू. साडेसहा महिन्यांचा असताना हा मुलगा सकाळी सातला उठत असे. तेल लावून आंघोळ झाली की सव्वानऊला झोपायचा तो पावणेअकरापर्यंत. दुपारी सव्वा ते अडीच आणि संध्याकाळी पाच ते पाच चाळीस अशा आणखी दोन झोपा. रात्री साडेआठला झोपायचा. दिवसाची झोप सुमारे साडेतीन तास, रात्रीची साडेदहा तास, म्हणजे एकूण जवळजवळ चौदा तास. अमेरिकेतील झोपविषयक वैद्यकीय अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीत चार ते बारा महिन्यांच्या बाळासाठी दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास सांगितले आहेत. त्यात हे बसते.

आठवा महिना लागला तसे चित्र बदलले. सकाळची झोप तीच राहिली, पण दुपारची पुढे सरकून लांबली, पावणेदोन ते सव्वातीन. संध्याकाळी पावणेसहाला पाळण्यात घातले की तो अर्धा तास खेळत राही, मग कसाबसा सव्वासहाला झोपून पावणेसातला उठे. रात्री साडेआठला अंथरुणावर नेले की पुन्हा खेळ, आणि झोप साडेनऊला. दोन आठवड्यांपैकी नऊ-दहा दिवस असेच झाले. उरलेल्या चार-पाच दिवशी तो संध्याकाळी झोपलाच नाही. त्या दिवशी साडेसहानंतर जरा कुरकुरला, पण साडेसातला झोपवला तेव्हा दहा मिनिटांत झोपला.

दोन्ही प्रकारच्या दिवसांची बेरीज शेजारी मांडू:

| | तिसरी झोप झाली | तिसरी झोप झाली नाही |
|---|---|---|
| सकाळची झोप | १ तास ३० मि. | १ तास ३० मि. |
| दुपारची झोप | १ तास ३० मि. | १ तास ३० मि. |
| संध्याकाळची झोप | ३० मि. | – |
| रात्रीची झोप | ९.३० ते ६.३०, ९ तास | ७.३० ते ६.१५, १० तास ४५ मि. |
| एकूण | १२ तास ३० मि. | १३ तास ४५ मि. |

हा तक्ता नीट पाहा, कारण सगळा विषय त्यात आहे. संध्याकाळची झोप काढून टाकली तेव्हा बाळाची एकूण झोप कमी झाली नाही, उलट सव्वा तासाने वाढून जवळजवळ पहिल्या पातळीवर आली. अर्ध्या तासाची तिसरी झोप रात्रीचे पावणेदोन तास खात होती. घरच्यांना मात्र "तीन वेळा झोपतो तरी रात्री झोपत नाही" एवढेच दिसत होते, आणि त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी आणखी वेळ पाळणा हलवला जात होता.

या नोंदीतून तयारीची चिन्हे शोधू. पहिले चिन्ह म्हणजे ज्या वेळी बाळ पूर्वी पाच-दहा मिनिटांत झोपत होते, त्याच वेळी आता त्याला वीस-तीस मिनिटे किंवा अधिक लागतात, आणि तो वेळ ते रडत नाही, खेळत घालवते. रडणारे बाळ आणि खेळणारे बाळ यांत फरक करा. थकून रडणाऱ्याला झोप हवी असते, पण ती लागत नसते. खेळणाऱ्यावर दाबच चढलेला नसतो. दुसरे चिन्ह, तिसरी झोप झाली की रात्र बिघडते: झोप उशिरा लागते, किंवा बाळ पहाटे पाचला ताजेतवाने उठून बसते. तिसरे, ती झोप चुकलेल्या दिवशीही बाळ रात्रीपर्यंत बऱ्यापैकी निभावते.

चौथी गोष्ट चिन्हापेक्षा अटच म्हणावी लागेल, आणि बहुतेक तक्ते ती सांगत नाहीत. उरलेल्या दोन झोपा पुरेशा लांब असल्या पाहिजेत, निदान तासाभराच्या, आणि दुसरी झोप तीनच्या पुढे संपली पाहिजे. आपल्या उदाहरणातले बाळ सव्वातीनला उठत होते, म्हणून साडेसातपर्यंत सव्वाचार तास रेटू शकले, तेही थोडे ताणूनच. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या दोन झोपा घेऊन दीडलाच उठणाऱ्या बाळाची तिसरी झोप काढली, तर त्याला सहा तास जागे राहावे लागेल. आठ महिन्यांच्या बाळाला ते झेपत नाही. अशा बाळाने संध्याकाळी कितीही कटकट केली तरी आधी दुपारची झोप लांबवायची आणि मग तिसरीकडे वळायचे.

ही चिन्हे एखाद्या दिवशी दिसली तर त्यावरून काहीच ठरवू नये. दोन आठवड्यांतल्या बहुतेक दिवशी दिसली पाहिजेत. आणि बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ या हिशेबात सहा महिन्यांचेच असते.

घड्याळ कोणत्या घराचे?

वर रात्री साडेसातला झोपवले असे लिहिले. हे वाचून तुमच्यापैकी अनेकांनी मान हलवली असेल. आपल्या कितीतरी घरांत बाबा आठला घरी येतात, जेवण नऊला होते आणि बाळ सगळ्यांबरोबर दहाला झोपते. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक देशांच्या तुलनेत, भारतासह आशियाई देशांतली तीन वर्षांखालील मुले पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा झोपतात आणि एकूणही कमी झोपतात, असे दिसले.

ज्या घरात बाळ दहाला झोपते आणि आठला उठते, तिथे संध्याकाळी सहाची झोप इतक्या लवकर गळणार नाही, आणि ती टिकली म्हणजे काही बिघडले असेही नाही. म्हणून परदेशी तक्त्यातली तासवारी जशीच्या तशी सांगू नका. उठण्यापासून झोपेपर्यंतचे अंतर मोजा. बाळ रात्री किती वाजता झोपते यापेक्षा, शेवटच्या झोपेतून उठून ते किती वेळ खुशीत राहते, हा प्रश्न विचारा. एकच काळजी घ्यावी. संध्याकाळची झोप गेली की काही आठवडे तरी रात्रीची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावी लागते. घर ते करू शकत नसेल तर थोडे थांबणे बरे. अधल्यामधल्या दिवशी बाळ फारच थकले तर साडेचार-पाचला वीस मिनिटांची झोप देऊन उठवायला हरकत नाही. हा काळ दोन-तीन आठवडे चालतो आणि त्यात दोन-झोपांचे आणि तीन-झोपांचे दिवस सरमिसळ होतात.

दोनावरून एक: खोटे चिन्ह आणि खरे चिन्ह

हा दुसरा बदल अधिक फसवा आहे. त्याचे कारण वर्षाच्या आसपास येणारा एक खोटा इशारा.

आपल्या उदाहरणातला मुलगा बारा महिन्यांचा झाला. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा झकास झोपू लागला. दुपारी अडीचला ठेवले की कठडा धरून उभा राही, बसता येईना म्हणून ओरडे, पुन्हा उभा राही. नऊ दिवस दुपारची झोप झाली नाही. घरच्यांनी निष्कर्ष काढला की आता याला एकच झोप पुरते.

पण इतर नोंदी वेगळे सांगत होत्या. त्या नऊ दिवसांत तो संध्याकाळी पाचला आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपत होता. रात्री दोनदा उठून रडत होता, पहाटे सव्वापाचला उठत होता आणि मग आठपासूनच डोळे चोळत होता. तिसऱ्या झोपेच्या वेळचे कोष्टक आठवा: तेव्हा झोप गळली की रात्र सुधारली होती. इथे झोप गळली की रात्र बिघडली. या एका फरकावरून खरा इशारा आणि खोटा इशारा वेगळा करता येतो.

मग दुपारी तो झोपत का नव्हता? दोन कारणे होती. उभे राहण्याची नवी कला हाती आली होती, आणि नवी हालचाल शिकणारे मूल झोपेच्या वेळीही तिचाच सराव करते. शिवाय सकाळची झोप दोन तासांची झाल्याने अडीचपर्यंत दाब पुरेसा चढलाच नव्हता. उपाय दुपारी करायचा नव्हता, सकाळी करायचा होता. त्याला दहाला झोपवून सव्वाअकराला उठवले, दुपारची झोप तीनला दिली आणि जागेपणी उभे राहण्या-बसण्याचा भरपूर खेळ घेतला. आठवड्याभरात दुपारची झोप परत आली. दात येणे, सर्दी, कानदुखी, प्रवास, आई कामावर पुन्हा रुजू होणे, हीसुद्धा अशीच तात्पुरती कारणे असतात. ती चालू असताना झोपांच्या संख्येचा निर्णय घेऊच नये.

साडेपंधरा महिन्यांना मात्र चित्र खरोखर बदलले. आता सकाळची झोपच सुटू लागली. दहाला ठेवले तर दहा चाळीसपर्यंत गाणी म्हणत पडे आणि तासभर झोपे. दुपारी साडेतीनला ठेवले की सव्वाचारला झोपून पाचला उठे, मग रात्री साडेनऊ. दिवसाचे पावणेदोन तास आणि रात्रीचे नऊ मिळून पावणेअकरा. एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी त्याच शिफारशीत ११ ते १४ तास सांगितले आहेत, म्हणजे तो किमान मर्यादेच्याही खाली आला होता. एकदा लग्नाला जाताना सकाळची झोप राहून गेली. तो सव्वाबारा ते अडीच झोपला, संध्याकाळ हसतखेळत गेली, आणि रात्री साडेसातला झोपून सकाळी सव्वासहाला उठला, एकूण तेरा तास. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा असेच घडले. एखाद्या दिवसाने काही सिद्ध होत नाही, पण तीनही वेळा बेरीज वाढली तेव्हा इशारा खरा मानायला हरकत नव्हती.

इथे एक गंमत पाहा. पहिल्या बदलात शेवटची झोप सरळ गळून पडली होती. दुसऱ्यात दोन्ही झोपा एकमेकींकडे सरकून मध्यावर मिळतात. म्हणून सकाळची झोप एकदम बंद करण्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे सरकवतात. साडेदहावरून सव्वाबारापर्यंत जायला सुमारे तीन आठवडे लागतात. सकाळची झोप साडेअकराच्या आत झाली तर ती आखूड राहते आणि दुपार रिकामी पडते, तेव्हा या मधल्या दिवसांत रात्र लवकर करावी लागते.

आपल्या घरांत या सरकण्याला एक नेमका अडसर असतो, तो म्हणजे सकाळची मालीश आणि आंघोळ. गरम पाण्याने न्हाऊन निघालेले मूल हमखास पेंगते. नऊची आंघोळ तशीच ठेवून झोप बाराला न्यायचा प्रयत्न केला तर रोज भांडण होणार. आंघोळ अकराच्या सुमारास न्यावी, लगेच वरणभात भरवावा आणि मग झोपवावे. जेवण झोपेनंतर ठेवले तर मूल भुकेने तासाभरातच उठते.

घाई झाली हे कसे कळते

बदल लवकर झाला असेल तर बाळ ते सांगते, फक्त आपल्या अपेक्षेच्या उलट सांगते. थकलेले बाळ जास्त झोपेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याची उरलेली झोप आखूड होते, रात्रीच्या पहिल्या काही तासांत ते वारंवार उठते आणि पहाटे लवकर जागे होते. ठेवल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत झोपणे हेही चांगले लक्षण नसते, तो साचलेल्या दाबाचा पुरावा असतो. रिक्षात किंवा कडेवर बसल्या बसल्या पाचला झोप लागणे रोजचेच झाले, तर तेही तसेच समजावे. दोन आठवड्यांनंतरही असे चालू राहिले तर काढलेली झोप निःसंकोच परत द्यावी. महिन्याने पुन्हा प्रयत्न करता येतो.

पाळणाघरात गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे सोयीसाठी सगळ्या मुलांना वर्षापासूनच दुपारची एक झोप देतात, आणि तेरा महिन्यांच्या मुलासाठी संख्या बदलणे एकट्या आईच्या हातात नसते. ती रात्री अर्धा-पाऊण तास लवकर झोपवू शकते आणि सुट्टीच्या दिवशी दोन झोपा देऊ शकते. मूल पाळणाघरात एक आणि घरी दोन झोपा घेते यात गोंधळ नाही. कित्येक मुले तीन-चार महिने असे सहज निभावून नेतात.

शेवटी एक मर्यादा. वर सांगितलेली सगळी चिन्हे निरोगी, वजन नीट वाढणाऱ्या बाळाची आहेत. बाळ झोपेत रोज घोरत असेल, श्वास अडखळत असेल, किंवा नेहमीपेक्षा अचानक फार जास्त झोपू लागले आणि उठवूनही नीट जागे होत नसेल, दूध ओढत नसेल, तर तो झोपांच्या संख्येचा प्रश्न नाही. तिथे नोंदवही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाठवायचे, आणि शेवटच्या दोन प्रकारांत त्याच दिवशी.